सत्यशीलानं ट्रॅक्टर मागं टाकला

आमच्या भागात ओव्हरटेक म्हणजे मिशीचा प्रश्न. हॉटेलात बसा, लग्नाच्या पंगतीत बसा, कुणीतरी सांगतच असतो की परभणी ते सोनपेठ आपण कशा पटापट गाड्या मागं टाकल्या. त्या गाड्यांतल्या माणसांच्या पोटात कसा गोळा आला, ते कुणी विचारत नाही. मी स्वतः एसटी चालवते, त्यामुळं असल्या बढाया ऐकल्या की माझं डोकंच फिरतं. पण कौतुकानं सांगावा असा एक ओव्हरटेक मी पाहिला आहे. तो सत्यशीलाचा.

सत्यशीला पेडगावची. बापाचं नाव येडबा, तो मेंढरं राखायचा, त्यामुळं तिचं लहानपण रस्त्याच्या कडेनं कळपामागं चालण्यात गेलं. मागून गाडी आली की मेंढरं कडेला दाबायची नि जीव मुठीत धरून उभं राहायचं. गाडीतली माणसं रस्ता बघतात. हिनं गाडी अंगावरून जाताना बघितलेली. लग्नानंतर नवऱ्याचं, रामप्रसादचं, घर ऊसतोडीवर चालायचं. पाच-सहा महिने लांबच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. गावातल्या एकाच्या पिकअपवर सत्यशीला गाडी शिकली, मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि एसटीत चालकांच्या निवडीत आली. तिथं माझी नि तिची ओळख झाली. प्रशिक्षणात आम्ही एका खोलीत राहायचो आणि ती झोपेतसुद्धा गिअर टाकायची.

रस्त्यावरच्या शेवटच्या परीक्षेत मी पास झाले, ती नापास.

झालं असं. परीक्षेची एसटी सत्यशीलाच्या हातात, आम्ही बाकीचे मागच्या सीटवर. समोर उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं दोन ट्रॉल्या, वर आभाळाएवढा ऊस. सत्यशीला त्याच्या मागं गेली ती मागंच राहिली. वळण गेलं, पूल गेला, पुढं मोकळा सरळ रस्ता लागला, मधली रेघही तुटक झाली, तरी ही बाई ट्रॉलीला चिकटून. आमच्या मागं गाड्यांची रांग लागली. परीक्षक साहेब कागदावर खुणा करत होते. शेवटी ते म्हणाले, "ओव्हरटेक कुठं करायचा नाही ते तुम्हाला येतं. कुठं करायचा ते येत नाही. तुम्ही अशी रांग लावली, तर मागचा एखादा वैतागून नको तिथं घुसेल." आणखी एक संधी मिळेल, म्हणाले, आणि ती शेवटची.

शेवटची म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. रामप्रसाद फडावर गेलेला होता. सत्यशीला पास झाली नाही, तर ती त्याच्याकडं जाणार आणि शाळेत जाणारी तिची साधना आजीजवळ राहणार, हे घरात ठरलेलं होतं. आधीच्या हंगामात पोरगी आईला फोनवर नुसतं हं-हं करायची, काही सांगायचीच नाही. ते आठवलं की सत्यशीलाचा चेहरा काळवंडायचा. म्हणून ती दिनकररावांकडं गेली.

दिनकरराव म्हणजे पेडगावचे निवृत्त एसटी ड्रायव्हर. स्वभावानं तिरसट. त्यांनी तिला गाडीत बसवलंच नाही. रस्त्याकडेच्या एका मोरीच्या कठड्यावर, रहदारीपासून चार हात लांब, नेऊन बसवलं. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. म्हातारा म्हणायचा, ही जी गाडी येतेय ती तू चालवतेस असं समज. पुढच्या गाडीला मागं टाकायची वेळ आली की "आता" म्हण. बस्स, एवढाच अभ्यास. येणारे-जाणारे आम्हाला बघून हसायचे.

सत्यशीला पहिले दोन दिवस "न्हाई"च म्हणत बसली. दिनकरराव तिसऱ्या दिवशी भडकले. त्यांनी एक जीप दाखवली, ट्रकच्या बुडाला लागलेली. त्या जीपवाल्याला काय दिसत असेल, म्हणाले. ट्रकचा मागचा फाळका, दुसरं काय? मग बराच मागं राहिलेला एक टेम्पो दाखवला. त्याला ट्रकच्या दोन्ही अंगांनी रस्ता दिसत होता. परीक्षेत सत्यशीलाला मोकळा रस्ता का दिसला नव्हता, ते तिला त्या मोरीवर कळलं. भीतीनं ती ट्रॉलीला चिकटून राहिली होती आणि चिकटल्यामुळं तिला उसाशिवाय काही दिसलंच नव्हतं.

"आधी मागं ऱ्हायला शीक," दिनकरराव म्हणाले. "मग पुढं जायचं बघू. आन एकदा निघालीस की जेवढा रस्ता दिसायलाय तेवढ्यात काम उरकून परत डाव्या अंगाला आलं पाहिजे. समोरून गाडी येणारच हाय असं धरून चालायचं."

बाकी सगळं त्यांनी बारकाईनं घोटून घेतलं. वळणावर नाही, चढाच्या माथ्यापाशी नाही, अरुंद पुलावर नाही, फाट्यावर नाही, शाळेपाशी नि पट्ट्यांवरून माणसं रस्ता ओलांडतात तिथं नाही. ओव्हरटेक मनाईची पाटी असेल तिथं तर नाहीच. आपल्या बाजूची रेघ अखंड असली की ती ओलांडायची नाही; तुटक असली तरी तो हुकूम नव्हे, नुसती मुभा. आणि आपल्याला कुणी मागं टाकत असेल, तर त्या वेळी रेस वाढवायची नाही. हे शेवटचं ऐकून मला आमच्या भागातले निम्मे मिशीवाले आठवले.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेले. साहेबांना विनंती केली आणि मागच्या सीटवर बसले. सत्यशीलाच्या आधी बबलू नावाचा एक पोऱ्या होता. हात मोठा सफाईदार, गाडी अशी चालवायचा की बघत राहावं. समोर ट्रक आला. रस्त्यावर दुहेरी अखंड रेघ, पुढं वळण. ट्रकवाल्यानं खिडकीतून हात काढून "या, या" केलं. आमच्याकडं ती रीतच आहे. पुढच्यानं हात केला की मागच्यानं डोळे झाकून जायचं. बबलूनं इंडिकेटर दिला आणि गाडी रेघेवर घातली. साहेबांनी तिथंच त्याला परत डावीकडं घ्यायला लावलं आणि पुढं जागा बघून गाडी थांबवायला सांगितली. बबलू खाली मान घालून मागं येऊन बसला. त्याचीही ती शेवटचीच संधी होती.

त्या तसल्या वातावरणात सत्यशीला स्टिअरिंगवर बसली. आणि नशीब बघा, थोडं पुढं गेलो तर समोर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा. मी मनातल्या मनात ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या.

सत्यशीलानं पहिलं काम केलं ते गाडी मागं घेण्याचं. चांगलं अंतर सोडलं. बबलू माझ्या कानाशी पुटपुटला, "ही आज बी घाबरायलीय." मी त्याला गप्प केलं.

वळण आलं, रेघ अखंड. ट्रॅक्टरवाल्यानं हात केला, या म्हणून. सत्यशीला हलली नाही. त्यानं पुन्हा हात केला. मागून एका जीपवाल्यानं हॉर्न वाजवून रान उठवलं आणि तो त्याच अखंड रेघेवरून आम्हाला मागं टाकायला निघाला. सत्यशीलानं रेस सोडली, गाडी आणखी डावीकडं धरली आणि त्याला ट्रॉलीच्या मागं शिरायला जागा दिली. वळणावरून समोर एक टँकर आला. जीप वेळेत आत शिरली होती ती सत्यशीलामुळं. जीपवाल्यानं मागं वळूनही बघितलं नाही. पुढच्या फाट्याला तो वळून निघून गेला.

मग ओढ्यावरचा पूल. मग गाव, शाळा, रस्त्यावर पोरं. सत्यशीला मागंच. साहेब खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. गाव संपलं, रस्ता सरळ झाला, रेघ तुटक झाली. आता जाईल, असं मला वाटलं. तिनं इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि इंडिकेटर बंद केला. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात उजवीकडून एक मोटारसायकल सूं करून गेली. ती आमच्या मागून आधीच निघाली होती. आरशात ती सत्यशीलाला दिसली होती, आम्हाला कुणालाच नाही.

मोटारसायकल लांब गेली. समोरून एक एसटी आली, तीही गेली. पुढं दोन्ही बाजूंना तुरीची रानं, मधे फाटा नाही, चढ नाही, पार लांबच्या लिंबाच्या झाडापर्यंत काळा सरळ रस्ता. सत्यशीलानं पुन्हा आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गिअर खाली घेतला. आणि मोरीवर बसून म्हणायची तसं ती पुटपुटली, "आता."

गाडी उजवीकडं निघाली. हॉर्नची एक छोटी पिप. इंजिन मोकळं झालं आणि आम्ही सगळे सीटवर मागं रेललो. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टरचं मोठं चाक गेलं. बाजूला पुरती जागा सोडलेली, उसाचं पानसुद्धा काचेला लागलं नाही. ट्रॅक्टरच्या पुढं गेल्यावर माणसं लगेच आत घुसतात. ती घुसली नाही. डाव्या आरशात अख्खा ट्रॅक्टर दिसेपर्यंत तशीच गेली, मग डावा इंडिकेटर देऊन अलगद आपल्या बाजूला आली. लिंबाचं झाड अजून लांबच होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, त्यात लपवायचं काय.

साहेबांनी पुढं गाडी उभी करायला सांगितली. कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "ट्रॅक्टरवाला दोनदा हात करत होता. तेव्हा का नाही गेलात?"

सत्यशीला घाम पुसत म्हणाली, "साहेब, त्याला दिसत आसंल पुढचं. मला न्हवतं दिसत. मला दिसल्याबिगर एवढी माणसं घिऊन मी कशी जाऊ?"

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. परीक्षा संपली की गाडी डेपोचा ड्रायव्हर परत न्यायचा, तो उठून पुढं निघाला होता. साहेबांनी त्याला हातानंच बसवलं.

"परभणीपर्यंत सत्यशीलाताई नेतील," ते म्हणाले. "आजपासून त्या आपल्या ड्रायव्हर."

मी अशी ओरडले की रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला. सत्यशीलानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि फोन काढून ती घरी एकच वाक्य बोलली, "साधनाला सांग, म्या कुटं बी जात न्हाई आता." मग तिनं पदर खोचला, आरसा नीट केला आणि गाडी चालू केली. कुणी काही म्हणायच्या आत बबलू मागच्या सीटवरून उठला, चेहरा पडलेला होता तरी हसला, आणि त्यानं कंडक्टरसारखी दोरी ओढून टण् टण् दोन घंट्या दिल्या.