झेंडा कुठे ठेवायचा

बालवर्गाच्या बाई एरवी तशा शांत, पण त्यांचा लाल झेंडा कुणी हलवला की त्यांचा पारा चढायचा. काडीला चिकटवलेला बोटभर कापडाचा तुकडा तो! फळीवरच्या दहा लाकडी प्राण्यांच्या रांगेत घोड्याशेजारी तो उभा असायचा. झेंड्यापासून पहिला घोडा, दुसरा हत्ती, तिसरा उंट, चौथा ससा. मग मोर, बैल, बेडूक, सिंह, वाघ आणि दहावा कुत्रा. मुलांनी ‘पहिला’, ‘दुसरा’ अशा पाट्या ज्याच्या त्याच्यापुढे ठेवायच्या. आधी झेंडा, मग मोजणी. बाकीच्या शिक्षिका हसायच्या, “बाईंचा जीव त्या झेंड्यात अडकलाय.” बाई हसण्यावारी न्यायच्या. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

जीव अडकला होता हे मात्र खरं. बावीस वर्षांपूर्वी बाई दहा मुलांना बागेत घेऊन गेल्या होत्या. दहा गाठींची दोरी, प्रत्येक गाठीला एक मूल. पुढे बाई, मागे शाळेतल्या मावशी. हौदाकाठच्या अरुंद वाटेवर पुढचं फाटक बंद निघालं, म्हणून बाईंनी सगळ्यांना जागच्या जागी वळवलं. आता मावशी पुढे झाल्या आणि बाई मागे. तेवढ्यात बाईंजवळचा मुलगा पडला, त्याचा गुडघा फुटला. त्याला उचलताना बाईंना दिसलं, चौथ्या गाठीवरच्या पिवळ्या फितीच्या मुलीने दोरी सोडली आहे आणि ती हौदाकडे वाकून बघते आहे.

“मावशी, चौथीचा हात धरा!” त्या ओरडल्या.

मावशींनी तत्काळ हात धरला. पण त्यांनी आपल्या टोकापासून मोजलं होतं. मावशींची चौथी म्हणजे बाईंची सातवी. पिवळी फीत पाण्यावर तरंगत राहिली.

चौकशी झाली, अपघात म्हणून कागद मिटला. आठवड्याने मावशींनी हळूच विचारलं होतं, “बाई, माझ्या मोजण्यात चूक झाली का हो?” बाई वहीत डोकं घालून गप्प राहिल्या. तेव्हापासून मावशी मुलं मोजताना दोन-दोनदा मोजायच्या, आणि बाईंना कधी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, खुर्च्या उलट्या करताना, मागून बारीक आवाज यायचा, “बाई, मी चौथी.” वळून बघायची त्यांची हिंमत होत नसे.

आज मावशींचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून त्या लेकीकडे, दूरच्या गावी. बाईंनी सकाळपासून चारदा तोंड उघडलं आणि चारदा “चहा घेतला का?” एवढंच विचारलं. त्यात झेंड्याची काडी मोडली. तो मुठीत धरूनच त्यांनी धडा सुरू केला. डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय.

वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीला ‘चौथा’ची पाटी मिळाली. ती कुत्र्याच्या बाजूला उभी होती. तिने तिकडूनच बोट ठेवत मोजलं: पहिला कुत्रा, दुसरा वाघ, तिसरा सिंह, चौथा बेडूक. पाटी बेडकापुढे ठेवली.

“चुकली, चुकली! चौथा ससा असतो!” पोरं ओरडली.

मुलीचा ओठ थरथरला. “बाई, माझ्या मोजण्यात चूक झाली का?”

तेच शब्द. दारात मावशी केर काढत होत्या.

“नाही गं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. “तू अगदी बरोबर मोजलंस. कुठून मोजायचं ते मीच सांगितलं नाही. चूक माझी.”

झाडू थांबला.

बाई दारापाशी गेल्या. “मावशी, त्या दिवशीही तसंच झालं. तुम्ही चौथीच धरली होती. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. तुम्हाला सोसू दिलं.”

मावशींनी झाडू धरलेल्या आपल्या हाताकडे बघितलं.

“बावीस वर्षं मी माझ्या हाताला शिव्या देतेय, बाई,” त्या म्हणाल्या. “नातीला कडेवर घ्यायलाही भ्यायले.”

“माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला.”

“मग म्हणू नका.” मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. मग आत येऊन त्यांनी बाईंच्या मुठीतून झेंडा घेतला, मोडकी काडी फेकली आणि तो तुकडा मुलांच्या खेळायच्या ओल्या मातीने घोड्याशेजारी चिकटवला. रांगेवरून बोट फिरवत त्या चौथ्यापाशी थांबल्या. सशाला त्यांनी उचललं, पदराने पुसलं आणि जागेवर ठेवलं.

“मुलांनो, इकडून मोजायचं,” त्या म्हणाल्या, आणि बाईंकडे न बघता बाहेर गेल्या.

शाळा सुटली. बाई खुर्च्या उलट्या करत होत्या. मागून आवाज आला, “बाई, मी चौथी.”

या वेळी त्या वळल्या. मागे कुणी नव्हतं. “हो गं,” त्या म्हणाल्या, “माझ्याकडून चौथी,” आणि तिथेच खाली बसून रडल्या.