फळ्यावरची तिसरी खूण

अंबाजीचा हात त्याच्या जिभेआधी सुटायचा. तो बांधकामाचा ठेकेदार, अंबरपेठेत आम्ही शेजारी. त्याच्या बांधकामांवर विजेचं काम मी करतो, तेव्हा हे ऐकीव नाही. मी स्वतः त्याची एक थप्पड खाल्लेली आहे, आणि वर त्याच्याच घरचा चहा प्यायलो आहे. माणूस कामात चोख होता, म्हणून सगळे सोसत होतो. ही आमची चूक.

दर शनिवारी चारला तो साइटवर फळा मांडायचा. पुढच्या आठवड्याचं एकेक काम आणि त्यासमोर तीन चौकोन: माल, माणसं, तपासणी. तिन्हींत खूण झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. उत्तम रीत. फक्त चौकोन रिकामा राहिला तर जबाबदार माणसाची चामडी लोळवायची, हा चौथा चौकोन त्याच्या डोक्यात होता.

मागच्या महिन्यात वाळूची लॉरी आली नाही. तसं सांगायला त्याचा मुलगा संदेश गेला. अंबाजीनं हेल्मेट उचललं आणि पंधरा मजुरांसमोर त्या तेवीस वर्षांच्या पोराच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, दात हलला. "कारणं नक्को सांगू, काम दाखव," म्हणाला. मी पाइप कापत बसलो होतो. कापतच राहिलो.

त्यानंतरच्या शनिवारी फळ्यावर होतं: मंगळवारी सांडपाण्याच्या पाइपाचा चर बुजवणं, बुधवारी संध्याकाळी तपासणी, गुरुवारी पहाटे पहिला स्लॅब. काँक्रीटच्या गाड्या सहालाच मागवल्या होत्या, कारण नंतर शहरात जड गाड्यांना बंदी. मुकादम मल्लेशची बारा माणसं ठरली होती. चर खणताना स्लॅबच्या पाट्यांना खालून धरणारे कोपऱ्यातले टेकू काढावे लागले होते. बुजवल्यावर ते परत लावले. म्हणून मालकाचे इंजिनियर मकरंद बुधवारी सळया आणि टेकू पाहून सही देणार होते. त्या सहीशिवाय काँक्रीट ओतायचं नाही.

बुधवारी पाचला मकरंदचा संदेशला फोन आला. "आज जमत नाही, शुक्रवारी येतो. तोवर थांबा."

संदेशनं करायचं ते सोपं होतं. गाड्या, पंप आणि माणसं शुक्रवारनंतर ढकलायची आणि बापाला सांगायचं. पहिलं त्याला जमलं असतं. दुसऱ्यासाठी त्याच्यात बळ नव्हतं. त्यानं स्वतःच सळया मोजल्या, खालचे ठोकळे तपासले, पाट्यांच्या फटी पाहिल्या. टेकूंवर वरूनच नजर टाकली आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली. अंबाजीनं फळा पाहिला, सही मागितली नाही. खूण म्हणजे झालंच, असा त्याला विश्वास. घाबरलेल्या माणसांच्या खुणांवर कसला विश्वास!

गुरुवारी तिसरी गाडी रिकामी होत असताना कोपरा बसला. आधी कडकड असा आवाज, मग टेकू निसटले, मग सळया, पाट्या, ओलं काँक्रीट आणि वरची दोन माणसं एकदमच खाली आली. बुजवलेली माती भुसभुशीत होती, टेकूंखाली फळीही नव्हती. वरची दोघं हातपाय मोडून वाचली. खाली पाट्यांतून गळती बघायला मल्लेशचा भाऊ यादगिरी गेला होता. आम्ही नखांनी काँक्रीट उपसलं. त्याचा हात माझ्या हाताला लागला, तो गरम होता, पण ओढला तर ओढ उलट आली नाही.

मल्लेशनं सळई उचलली. "निशान किसका है? बोल!" म्हणत त्यानं अंबाजीच्या गुडघ्यावर पहिला वार केला. दुसरा खांद्यावर. बाकीच्यांनी दगड उचलले. अंबाजीच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं हात वर केला नाही. मी मध्ये पडलो, माझी दोन बोटं मोडली. खरं सांगतो, मला त्याला वाचवायचं होतं की मीही मारणार होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोलीस आले तेव्हा संदेश भिंतीशी बसून "मकरंद आलेच नव्हते" असं पुटपुटत होता. त्याच्याजवळ सरकत अंबाजीनं विचारलं, "मकरंद आला नव्हता, तर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मारलं असतं."

इतकंच. जमादारानं फळ्याकडे बोट केलं. "ही खूण कुणाची?"

"माझी," अंबाजी म्हणाला. "पोराचा काही संबंध नाही."

"पप्पा खोटं बोलतायत," संदेश म्हणाला. तो पुढे आला. "खूण मी केली. सही नव्हती. मला ठाऊक होतं."

अंबाजीनं त्याच्याकडे पाहिलं. हेल्मेट खाल्ल्यापासून पोरानं बापासमोर खरं सांगायची ती पहिलीच वेळ, आणि ते ऐकायला यादगिरी तिथंच ताडपत्रीखाली होता.