झोपेची राखण

सिंदीच्या आमच्या गल्लीत कोकिळाबाईंसारखी झोपेची राखण कोणी केली नसेल. झोप त्यांची नव्हे, नवऱ्याची. रूपराव कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनमध्ये रातपाळी करायचे. मागच्या हंगामात पहाटे उभ्याउभ्या डुलकी लागली आणि यंत्रात बोटाचं टोक गेलं. तेव्हापासून बाईंनी खिडकीला गोणपाट ठोकलं, कोंबड्या विकल्या, दाराला कडी घातली. येईल त्याला एकच उत्तर, "झोपले हायेत."

अंधार मिळाला, गलका थांबला, तशी रूपरावांना सकाळपासून दुपारपर्यंत गाढ झोप लागू लागली. इथवर बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पण ते उठल्यावरही कडी निघेना. माणसं यायची थांबली. रूपराव जागेपणीही भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले, ताटात अर्धी भाकर टाकू लागले. बाईंना वाटलं, झोप कमी पडते. मग त्या गल्लीतल्या पोरांवरही खेकसू लागल्या.

माघातल्या एका दुपारी बँड वाजला. रूपराव जागेच होते.

"कोनाचं लगन हाय?"

"नानाजीच्या पोराचं, गुलाबचं," बाई चुलीकडे बघत म्हणाल्या.

नानाजी म्हणजे रूपरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. भजनात नानाजी पेटी वाजवायचा, रूपराव ढोलकी.

"मले बोलावलं नाई त्यानं," रूपराव म्हणाले. "बरोबरच हाय. दिवसा झोपनारा मानूस कोनाच्या कामाचा?"

ते पुन्हा भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे हलताना बाईंना दिसले. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. पण आपण झोप राखता राखता माणूस एकटा पाडला, हे त्यांना तिथेच उमगलं आणि स्वतःची लाज वाटली. त्यांनी भिंतीतल्या देवळीमधल्या डब्यामागून कागदाची पुडी काढून खाटेवर ठेवली. आत आमंत्रणाच्या कुंकवाच्या अक्षता होत्या.

"नानाजी आलते सकाळच्या पारी. तुम्ही झोपेत होते. लगनाच्या धावपळीत झोप कमी पडन, अन् रातच्याले पुन्हा यंत्राजवळ... म्हनून म्याच नाई सांगतलं."

शिव्या खायची त्यांची तयारी होती. रूपराव उठून बसले.

"तो स्वतः आलता?"

"व्हय. दोनदा."

"दोनदा आलता," रूपराव स्वतःशीच म्हणाले आणि टोपी शोधू लागले. त्यांचा तो उजळलेला चेहरा बघण्यापेक्षा बाईंना शिव्याच बऱ्या वाटल्या असत्या. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. अक्षता टाकून, जेवून ते वेळेवर पाळीला गेले.

आता दुपारपर्यंत कडी असतेच. चहाच्या वेळी मात्र दार सताड उघडं असतं, आणि नानाजी रोज येतो. त्याच्या मनात काही नाही. तरी तो आत यायच्या आधी दारातूनच हळू विचारतो, "वैनी, झोप झाली का त्याची?"

बाई रोज मान हलवतात. वर मात्र बघत नाहीत.