हंबीररावांचा तेहतीस हजारांचा आकडा

उंब्रजचे हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून परतले आणि विम्याचे एजंट झाले. गडी मोठा हट्टी! नवऱ्याशी बोलून झालं की त्याला अंगणात पिटाळायचे आणि घरचा खरा खर्च बायकोला विचारायचे. "फौजेत रसद किती लागती ते भटारखान्याला इचारत्यात, कर्नलला न्हाई," असं वर म्हणायचे.

शहात्तर साली ते कुपवाडला धनाजीकडे गेले. धनाजी लेथवर काम करायचा, शिवाय बँकेचं आठ हजार कर्ज काढून त्यानं स्वतःचं एक जुनं यंत्र घेतलं होतं. छाती फुगवून म्हणाला, "दहा हजार लिवा. जुनी पाच हजाराची पॉलिसी हायच. कर्ज फिटंल, घरबी चालंल. घराला म्हैन्याला दोनशे पुरत्यात."

"ती पॉलिसी बँकेकडं तारण हाय न्हवं? मग पैसा आधी बँक घेईल. एकच भाकरी दोघांच्या ताटात कशी वाढशील रं? जा, भाईर बस."

धनाजी कुरकुरत उंबऱ्याबाहेर टेकला. त्याच्या बायकोनं, अंजनानं, बोटांवर मोजलं. धान्य, भाडं, दोन पोरांची शाळा, आणि सासूच्या दम्याचं औषध महिन्याला पन्नास. एकूण तीनशे. शिवणातले पन्नास ती त्या औषधालाच घालायची.

"पन्नास?" धनाजी बाहेरूनच ओरडला. "आई तर म्हणती दम बरा झाला!"

"तुमी रात्रपाळी वाढवली असती, म्हणून बोलले न्हाई," अंजना खाली बघत म्हणाली.

बिचारा धनाजी! उठून दाराशी येऊन उभा राहिला.

हंबीररावांनी कागद पुढं ओढला. धनाजीच्या माघारी, शिवण वजा जाता महिन्याला अडीचशे कमी पडणार, म्हणजे वर्षाला तीन हजार. धाकटा सिद्धू हाताशी यायला दहा वर्षं, म्हणजे तीस हजार. त्यात कर्जाचे आठ, वजा जुन्या पॉलिसीचे पाच. तेहतीस!

"एवढ्याचा हप्ता झेपंल?" धनाजीनं दारातनं विचारलं.

"नुसत्या मुदतीचा इमा घे. मुदत संपंतोवर जगलास तर छदाम परत न्हाई, म्हणून तर सस्ता. माझं कमिशनबी कमीच."

"मग मला ह्योच का गळ्यात मारताय?"

"दहा हजाराचा कागद देऊन मी तुज्या दारावरनं मान वर करून जाऊ व्हय?"

धनाजी आत आला. अंजनाशेजारी बसला आणि सही ठोकली.

पुढच्या महिन्यात हंबीरराव कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. धनाजी चार सोबत्यांना पॉलिसी दाखवत होता. एकानं डोळे विस्फारले, "तेहतीस हजार! लय शाना झालास की रं!"

"मी कसला शाना?" धनाजी ताठ मानेनं म्हणाला. "मी दहावरच अडलो हुतो. ह्यो आकडा माज्या अंजनाचा हाय."

हंबीररावांची छाती फुगली. सलाम ठोकावा तसा हात त्यांच्या कपाळाकडं गेला.