कधीच न उडालेला फ्यूज

आमच्या आष्ट्याच्या घरी फ्यूज काढून एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप बंद होणारा खटका, बसवला, आणि गिझर लावला की तो खटका खाली पडून लाईट जाऊ लागली. वडील फौजी, लगेच चिडले. "जुना फ्यूज कवाच उडला न्हाई. मोठा एमसीबी बसव."

वायरमन म्हणाला, "आवं तात्या, वायर बारीक हाय. मोठा बसवला तर एमसीबी पडणार न्हाई, वायर जळंल."

मेन स्विच बंद करून त्यानं गिझरची वायर बोर्डातून थोडी बाहेर ओढली. तिचं प्लास्टिक काळं पडून हातात तुटत होतं. जुन्या फ्यूजमध्ये वडिलांनीच पिळलेली जाड तार होती. म्हणूनच तो उडत नव्हता.

"भिंत फोडून वायर बदलावी लागंल."

वडील म्हणाले, "मग जुना फ्यूजच लाव."

वायरमननं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. आत आई अंघोळीला निघाली होती.