अनसूयाताईंचं कितवं पान

अनसूयाताई हावळे यांनी भूमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. त्यामुळे गावातली कोणती सून माहेरी काय सांगते, हे त्यांना माहीत. पण त्यांच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही. तोंडून बाहेर पडायचा तो फक्त आवाज. घट्ट, गोड, साईच्या दह्यासारखा. निवृत्त झाल्यावर हा आवाज वाया जायला लागला, म्हणून त्यांनी तो वाचनालयाला दिला.

आमच्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी ज्येष्ठांची बैठक असते. ज्यांना दिसत नाही, दिसतं पण वाचवत नाही, किंवा वाचवतं पण घरात सुनेच्या टीव्हीपुढे टिकाव लागत नाही, असे वीस-पंचवीस जण येतात. एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणाऱ्याची खुर्ची वेगळी, तिला हात आहेत. त्या खुर्चीत अनसूयाताई.

नियम एकच, पण कडक : एका बैठकीत वीस पानं झालीच पाहिजेत. झाली नाहीत तर खुर्ची पुढच्याची. हा नियम तांदळे सरांनी केला होता आणि पुढचा नंबरही तांदळे सरांचाच होता. तांदळे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते वाचायला लागले की कादंबरीतली माणसंसुद्धा हाताची घडी घालून बसतात, असं हाजराबी म्हणायच्या. हाजराबी पूर्वी शिवणकाम करायच्या आणि आता माणसांना टाके घालतात.

यंदा लावली होती एक जाडजूड कादंबरी, होड्या बांधणाऱ्या एका घराण्याची आणि त्यातल्या रंभाची, जिचं लग्न एका डॉक्टरशी ठरलं होतं. पाऊण झाली आणि अनसूयाताईंच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढून झाला होता, हा आतल्या पडद्याचा दोष. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "अक्षर मोठं असेल तर वाचा. छापील पुस्तक आता विसरा."

"पुस्तक विसरते हो," अनसूयाताई मला म्हणाल्या, "पण खुर्ची कशी विसरू? घरात मला कोण विचारतंय? आठवड्यातून एक तास वीस माणसं माझ्याकडे कान लावतात. तेवढंच आहे माझ्याकडे."

मला म्हणाल्या, कारण माझं मोबाइलचं दुकान वाचनालयाच्या खालीच आहे आणि त्यांच्या लेकीनं बारामतीहून दहा इंची टॅबलेट पाठवला होता. "दिगंबर, यात ते पुस्तक घाल," असं म्हणून त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, डब्यात भाजी घाल म्हणावं तसा.

पुस्तक मिळायला वेळ लागला नाही. वाचनालयाचे चिटणीस बब्रुवानकाका यांच्या ग्रुपवर ते कुणीतरी टाकलंच होतं, पीडीएफ. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा : छापताना जशी ओळ बसली, तशीच बसलेली राहते. अक्षर मोठं केलं की पान मोठं होतं आणि स्क्रीन तेवढीच राहते. मग ओळ निम्मी दिसते. बोटानं उजवीकडे सरकवा, उरलेली निम्मी वाचा, परत डावीकडे या, एक ओळ खाली उतरा. घरात हे जमलं. बैठकीत त्या परत येताना एक ओळ जास्त उतरायला लागल्या.

"मामांनी थरथरत्या हातांनी ती माळ," अनसूयाताईंनी वाचलं, सरकवलं, "रंभाच्या गळ्यात घातली आणि सनई वाजू लागली."

सगळी बैठक गार झाली.

"मामानं?" बब्रुवानकाका म्हणाले. "सख्ख्या भाचीशी?"

"कर्नाटकाच्या बाजूला चालतं की," मागून कुणीतरी म्हणालं.

"चालू द्या. पण डॉक्टरशी ठरलेलं मोडलं कधी?" हाजराबी भडकल्या. "मी मागच्या गुरुवारी आले नव्हते म्हणून काहीही?"

तांदळे सर छापील प्रत मांडीवर घेऊन बसले होते. ते उठले. "मामा माळ फोटोला घालतात. रंभाच्या आजीच्या. गळ्यात घालतो तो डॉक्टर, खालच्या ओळीत." मग घड्याळ पाहून, "आणि पानं झालीत सात. ताई, नियम माहीत आहे ना?"

बब्रुवानकाकांनी एक संधी मागून घेतली. पुढचा गुरुवार. तोवर जमलं नाही तर खुर्ची सरांची. गंमत म्हणजे निम्म्या बैठकीला मामाचंच लग्न पटलं होतं. पुढे तीन आठवडे मामा दिसला की त्या बाजूचे लोक "जावई आले" म्हणायचे.

मी शहाणपणा करून तीच पीडीएफ ईपबमध्ये बदलायला घेतली. ईपबमध्ये ओळी बांधलेल्या नसतात. अक्षर वाढवलं की ओळ आपोआप मोडून खाली येते, सरकवासरकवी संपते. बदलून उघडलं, तर पहिल्याच पानावर स्वल्पविराम, कंस, इंग्रजी अक्षरं आणि टक्क्याच्या खुणा, सगळं एकमेकांच्या अंगावर.

"ही कुठली भाषा?" अनसूयाताईंनी विचारलं.

"जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, ताई. वरून मराठी दिसतं, आत सगळी इंग्रजी अक्षरं भरलेली. फॉन्टचा मुखवटा काढला की हे असं उघडं पडतं."

"मुखवटेवाले एक्स्चेंजमध्ये पुष्कळ ऐकलेत," त्या म्हणाल्या. "पैसे देऊन मिळतं का कुठे सरळ?"

मिळत होतं. प्रकाशकानं स्वतः काढलेलं ई-पुस्तक होतं, युनिकोडमधलं, म्हणजे वरून मराठी आणि आतूनही मराठीच. घेतलं, वाचनाच्या ॲपमध्ये उतरवलं, नेट बंद करून उघडतं का ते पाहिलं. अक्षर वाढवत गेलो. ताई म्हणत होत्या, "अजून. अजून. थांब." थांबलो तेव्हा एका पानावर आठ ओळी होत्या, ओळीत पाच-सहा शब्द. जाड अक्षर, पिवळट पार्श्वभूमी. ताईंनी एक परिच्छेद वाचला आणि चष्मा पुसला. तो स्वच्छ होता.

गुरुवारी त्या घोड्यावर बसल्यासारख्या वाचत होत्या. कडेला टिचकी, पान पुढे. एकदाच घोटाळा झाला. बोट एका शब्दावर जास्त वेळ टेकलं आणि शब्दकोश उघडला. लग्नानंतर पहिल्यांदाच डॉक्टर रंभाला विचारत होता, "माझ्यावर तुमचं प्रेम आहे?" आणि ताईंनी त्याच दमात वाचलं, "या शब्दाचा अर्थ सापडला नाही."

"वाह!" बब्रुवानकाकांच्या तोंडून निघून गेलं. हाजराबींनी पदर डोळ्यांना लावला. ताई पुढे वाचायला लागल्यावर आपलं काय चुकलं ते त्यांच्या लक्षात आलं, पण एवढी दाद मिळालेलं वाक्य परत कोण घेतो?

तास संपला. सरांनी विचारलं, "कितवं पान?"

ताईंनी स्क्रीनच्या तळाशी पाहिलं. "एक हजार चारशे बारा."

छापील कादंबरी तीनशे ऐंशी पानांची होती.

"सुरू कितव्यापासून केलं होतं?"

"बाराशे ऐंशी."

"म्हणजे एका तासात एकशे बत्तीस पानं?" सर म्हणाले. "ही उडवाउडवी आहे."

"अक्षर मोठं आहे सर, पानात मजकूर कमी बसतो," मी म्हणालो. "अक्षर बदललं की पानांचे आकडेही बदलतात."

"पान कधी बदलतं का? पान म्हणजे पान." सरांनी टॅबलेट हातात घेतला, नीट बघावं म्हणून आडवा केला. आकडा बदलला. उभा केला. परत बदलला. सर टॅबलेटकडे असे बघत राहिले, जणू एखाद्या पोरानं त्यांच्यासमोर हजेरीपत्रकात खाडाखोड केली. "बघा! आडवं केलं की पुस्तक वाढतं!"

त्यावर समितीची बैठक बसली. विषय : पान म्हणजे काय. बब्रुवानकाकांनी सुचवलं, टॅबलेट उभाच धरावा. एकानं सुचवलं, पानाला वजन ठरवावं. पुण्याला राहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, टक्के धरा. तेव्हा सर म्हणाले, टक्क्यांवर कादंबरी वाचायची तर बँकेत बसा. एकाचं म्हणणं पडलं की ताईंनी अक्षर बारीक करावं, म्हणजे पानं कमी होतील. हाजराबींनी त्याला सांगितलं, "तुम्ही कवळी काढून शेंगदाणे खा, म्हणजे शेंगदाणे पुरतील."

शेवटी अनसूयाताई बोलल्या. एक्स्चेंजमध्ये लाइन घ्यायच्या तशा आवाजात. "कागदावर प्रकरणं किती?"

"एकवीस," सर म्हणाले.

"माझ्यातही एकवीस. आडवं करा, उलटं करा. आज अठरावं संपलं. तुमच्या प्रतीतही तेच संपलंय का नाही?"

सरांनी प्रत पाहिली. संपलं होतं. तिथून नियम बदलला : पानं नव्हे, प्रकरण. सरांनी एकच अट घातली. शेवटच्या प्रकरणाला ते छापील प्रत घेऊन शेजारी बसणार आणि शब्दन्‌शब्द ताडून पाहणार. एक ओळ गळली तरी खुर्ची सोडायची.

"बसा," ताई म्हणाल्या.

शेवटच्या गुरुवारी माणसं दारापर्यंत होती. मामावाले एका बाजूला, डॉक्टरवाले दुसऱ्या. ताई वाचत होत्या आणि सर पेन्सिलीचं टोक ओळीखालून चालवत होते. रंभाची होडी पाण्यात ढकलायची वेळ आली आणि वीज गेली. आमच्याकडे ती अशा वेळीच जाते.

अंधार झाला. पण आवाज थांबला नाही. खुर्चीत टॅबलेटचा पिवळट उजेड, त्यात ताईंचं नाक आणि ओठ. होडी पुढे सरकत होती.

"थांबा," सर म्हणाले. "मला दिसत नाही."

कुणीही थांबायला तयार नव्हतं. "सर, गप बसा हो, होडी बुडेल," हाजराबी म्हणाल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सरांनी आपली खुर्ची ताईंच्या खुर्चीला भिडवली आणि स्क्रीनकडे मान वळवली, तपासायला. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढला. मग पुन्हा लावला. पुन्हा काढला. पेन्सिल खिशात गेली. ताई पान उलटायच्या आधी क्षणभर थांबायला लागल्या. शेजारचा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत पोचला की टिचकी. हे आम्हाला अंधारातही कळत होतं, कारण प्रत्येक टिचकीआधी सर "हं" म्हणत होते.

होडी तरली. रंभा डॉक्टरबरोबर निघून गेली. मामावाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

वीज आली तेव्हा सरांची छापील प्रत खाली पडलेली होती. कुणीतरी विचारलं, "सर, ओळ गळली का?"

"नाही," सर म्हणाले. मग चष्मा पुसायला लागले. पुसता पुसता ताईंकडे न बघता म्हणाले, "छापील अक्षर घडीभर दिसतं, मग ओळी एकमेकींत मिसळतात. गेलं वर्षभर मी घरी पुस्तक उघडलेलं नाही. मुलं बघतात म्हणून नुसतं मांडीवर ठेवतो."

ताईंनी काही विचारलं नाही. एक्स्चेंजची सवय. ऐकलं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दुकानात आले. ताईंच्यासारखाच टॅबलेट, तेच ॲप, पण अक्षर त्यांच्याहून एक घर लहान हवं म्हणाले. मी उतरवून दिलं. त्यांनी काउंटरवरच वाचायला सुरुवात केली. मग इकडेतिकडे पाहून अक्षर ताईंइतकं केलं. नंतर ताईंच्याहून एक घर मोठं.

आता गुरुवारी एक प्रकरण ताई वाचतात, एक सर. खुर्ची ताईंचीच, सरांनी स्वतःची घरून आणली आहे, तिलाही हात आहेत. पुस्तक दोघांचं एकच, ॲप एकच, जागा मात्र कधी जुळत नाही. ताई वाचून थांबल्या की सर आपल्या टॅबलेटवर बोट फिरवत शोधत राहतात आणि सगळी बैठक वाट बघत बसते.

"ताई, कितवं पान?"

"माझं नऊशे चार. तुमचं तुम्ही बघा."