ताईच्या डाव्या हातासाठी
ताई गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करायची. छापखान्यात तिला सगळे 'सूत्रबाई' म्हणत. मुळाक्षरं गिरवावीत इतक्या सहज ती समीकरणं उतरवायची. त्याच छापखान्यात तिचा धाकटा भाऊ कॉम्प्युटर सांभाळायचा.

मग तिचा उजवा हात ढिला पडू लागला. नसांचा आजार आहे, तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं. घरी कुणी त्यावर बोलेना.

"चिन्हांच्या यादीत माउस फिरवून जीव जातो बघ," ती एकदा म्हणाली. "नुसत्या डाव्या हाताने होईल असं काही कर."

भावाला तेवढंच जमण्यासारखं होतं. कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली होती; तिच्यातल्या कीबोर्ड मांडणीची त्याने स्वतःची फाइल लिहिली. एका कळीला चार अक्षरं देता येतात: साधं, शिफ्टचं, तिसऱ्या पातळीचं, आणि तिसऱ्यासोबत शिफ्टचं. इंग्रजी मांडणी आधाराला घेऊन त्याने डावीकडच्या कळींच्या तिसऱ्या पातळीवर चिन्हं बसवली. एसवर इंटिग्रल, डीवर लहान-किंवा-समान. कॅप्स लॉक दाबून धरला की ती पातळी उघडे. त्यासाठी तयार पर्याय होताच. पहिल्यांदा एक अर्धविराम राहिला आणि मांडणी लोडच होईना. तो सापडला, मग झालं.

ताईने करंगळीने कॅप्स लॉक धरला, एस दाबला. पडद्यावर इंटिग्रल उमटलं.

"शहाणा आहेस," ती म्हणाली आणि कामाला लागली.

काही महिन्यांत डाव्या हाताची करंगळीही साथ सोडू लागली. कळ धरून ठेवताच येईना. भावाने फाइल पुन्हा उघडली, कॅप्स लॉकवर लॅच बसवला: कळ दाबून सोडायची, पुढच्या एका कळीपुरती तिसरी पातळी चालू. ताईला ते दोन दिवसांत सवयीचं झालं. त्याला वाटलं, आजाराच्या एक पाऊल पुढे आहोत आपण.

मग तर्जनी एसपर्यंत पोचेना. त्याने इंटिग्रल एफवर आणलं. पुढे तेही लांब पडलं.

एका दुपारी तो तिच्या टेबलाशी गेला, तर तिचा हात कीबोर्डवर नुसता ठेवलेला होता.

"आता कुठे हलवू, ताई?"

"आता काय हलवतोस? कळी कुठेही ने, बोट कुठून आणणार?"

तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. हातातल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ती सांगू लागली, तो टंकू लागला. तिच्यासाठी मांडलेल्या कळी त्याच्या बोटांना सापडत नव्हत्या. दर ओळीला चूक व्हायची.

"लॅच विसरलास," ती शांतपणे सांगायची. "परत."

प्रकरण पुरं झालं. दुसऱ्या दिवसापासून ताई कामावर आली नाही. तिच्या मशीनवर नवी मुलगी बसणार होती, छापखान्याच्या साहेबांनी कीबोर्ड नेहमीसारखा करायला सांगितलं. त्याने कॉम्प्युटरला आज्ञा टंकली, जुनी मांडणी परत आली. फाइल मात्र पुसवेना त्याला.